नूडल्सचा गोळा का होतो? – खळ, वेळलेला भात आणि तापलेली कढई



बाल आनंद मेळाव्यात मुलांचा सर्वात आवडता स्टॉल कोणता, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे. चायनीजचा! आमच्या चौथीच्या वर्गाने दोन वर्षांपूर्वी हाच स्टॉल मागून घेतला. आठ मुलांच्या गटाने घरून प्रत्येकी ७५ रुपये आणले. म्हणजे भांडवल झालं ६०० रुपये. त्यात हाक्का नूडल्सची १५० ग्रॅमची दहा पाकिटं, कोबी, गाजर, सिमला मिरची, सॉस आणि तेल आणलं. नूडल्स उकडून आणायची जबाबदारी मी घेतली. मोठं पातेलं आणि गरम पाणी चौथीच्या मुलांच्या हातात देणं शक्यच नव्हतं.

सकाळी सहा वाजता मी पाच लिटरच्या पातेल्यात पाणी ठेवलं. वेळ वाचावा म्हणून चार-चार पाकिटं एकदम टाकली. पाण्यात दोन चमचे तेल घातलं, कारण तसं कुठेतरी ऐकलं होतं. नूडल्स चांगल्या मऊ झाल्यावर चाळणीत ओतल्या आणि गरम राहाव्यात म्हणून तशाच स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावलं. अकरा वाजता शाळेत डबा उघडला तेव्हा आतून डब्याच्याच आकाराचा एक पांढरा गोळा निघाला. एक मुलगी म्हणाली, "सर, हा तर केक झाला!"

तो गोळा आम्ही सुरीने कापला. कढईत टाकल्यावर त्याचे तुकडे झाले, पण धागे काही सुटले नाहीत. प्लेटची किंमत ३० रुपये होती आणि जेमतेम ११ प्लेट विकल्या गेल्या. ६०० रुपये घालून ३३० आले. मुलं मला काही बोलली नाहीत, पण वहीत नफा-तोट्याचं गणित मांडताना 'तोटा २७०' हा आकडा त्यांनी लिहिला. तो त्यांचा नव्हता, माझा होता.

त्या चुकीमागचं कारण मी शोधलं आणि पुढच्या वर्षी त्याचाच पाठ केला. तो इथे देत आहे. घरी एक पाकीट करणाऱ्या पालकांनाही तो तसाच लागू पडेल.

मुळात चिकटतं काय?

त्या दिवशी डबा घासायला मदत करताना आमच्या पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी मला एकच प्रश्न विचारला. "सर, मैद्याची खळ करता ना तुम्ही तक्ते चिकटवायला? मग ही पण खळच झाली की!"

मावशींनी एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. आपण पाण्यात मैदा कालवून शिजवतो तेव्हा खळ तयार होते. हाक्का नूडल्सही मैद्याच्याच असतात. मैद्यातल्या स्टार्चचे बारीक कण थंड पाण्यात नुसते पडून राहतात. पाणी साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की ते पाणी पितात, फुगतात आणि काही कण फुटतात. त्यातून बाहेर पडलेला स्टार्च पाण्यात मिसळतो आणि नूडल्सच्या अंगावरही राहतो. नूडल्स गरम आणि ओल्या असतात तोवर ही खळ पातळ असते. त्या गार होऊ लागल्या, पाणी कमी झालं की तीच घट्ट होते आणि शेजारच्या दोन धाग्यांना जोडून टाकते.

म्हणजे नूडल्स 'चिकट' नसतात, त्यांच्यावरची खळ चिकट असते. उकडणं, धुणं, तेल लावणं आणि परतणं या चारही पायऱ्यांचं काम एकच आहे. खळ कमी होऊ द्यायची, झालेली काढून टाकायची आणि उरलेली ओली होऊ द्यायची नाही. हे एकदा समजलं की प्रमाण पाठ करावं लागत नाही.

पायरी १ : उकडणं – पाणी भरपूर, वेळ थोडा

१०० ग्रॅम सुक्या नूडल्सला एक लिटर पाणी हे सोपं प्रमाण. १५० ग्रॅमच्या पाकिटाला दीड लिटर. माझी पहिली चूक इथेच होती. चार पाकिटं म्हणजे ६०० ग्रॅम. त्यांना सहा लिटर पाणी हवं होतं आणि माझं अख्खं पातेलंच पाच लिटरचं! त्यात पाणी जेमतेम चार लिटर मावलं असेल. पाणी कमी पडलं की बाहेर आलेला स्टार्च त्यात दाट होतो आणि नूडल्स पेजेतच शिजतात. शिवाय एवढ्या थंड नूडल्स एकदम पडल्या की उकळी बसते आणि ती परत येईपर्यंत धागे तळाशी एकमेकांवर पडून राहतात.

पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या. पाकिटामागे एक चमचा मीठ घाला, ते चवीसाठी. मग नूडल्स टाका. मोडू नका. अर्ध्या मिनिटात त्या मऊ होऊन आपोआप पाण्यात बसतात. त्यानंतर पहिलं एक मिनिट काट्याने किंवा चिमट्याने त्या हलक्या हाताने सोडवत राहा. हे मिनिट महत्त्वाचं आहे, कारण इथे चिकटलेले धागे नंतर सुटत नाहीत.

वेळ किती? पाकिटावर लिहिलेली असते त्यापेक्षा एक मिनिट कमी. माझ्या पाकिटावर पाच मिनिटं लिहिलेली होती. मी तिसऱ्या मिनिटापासून तपासायला लागतो आणि चौथ्या मिनिटाला उतरवतो. तपासायची पद्धत अशी : एक धागा काढून गार करा आणि नखाने तोडा. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. ठिपका मोठा असेल तर नूडल्स कच्च्या आहेत. अजिबात नसेल आणि धागा दोन बोटांत चिरडला जात असेल तर वेळ टळली. हा ठिपका म्हणजे पाणी न पोचलेला मैदा. कढईत परतताना आणि सॉसमधल्या ओलाव्याने तो शिजून जातो.

आता तेलाबद्दल. उकळत्या पाण्यात टाकलेलं तेल वर तरंगतं आणि नूडल्स खाली असतात. फेस वर येऊन उतू जाणं त्याने थोडं कमी होतं, इतकंच. गाळताना त्यातलं बहुतेक तेल पाण्याबरोबर मोरीत जातं. तेल लावायचं असतं, पण त्याची वेळ अजून आलेली नाही.

पायरी २ : गार पाण्याने धुणं

मावशींचा दुसरा प्रश्न होता, "भात वेळता येतो का तुम्हाला?" मला येत नव्हतं. भात भरपूर पाण्यात शिजवायचा आणि वरची पेज काढून टाकायची, म्हणजे दाणा मोकळा होतो. पेजेबरोबर स्टार्च निघून जातो. नूडल्सचंही तेच, फक्त इथे पुढे गार पाणीही घालायचं.

गार पाणी दोन कामं करतं. एक म्हणजे शिजणं थांबवतं. चाळणीत काढल्यावरही नूडल्सच्या पोटात उष्णता असते आणि त्या शिजत राहतात. मी तर गरम नूडल्स डब्यात बंद केल्या होत्या. म्हणजे पाच तास त्या स्वतःच्याच वाफेत मऊ होत गेल्या. दुसरं म्हणजे वरची खळ धुऊन जाते.

चाळणीत ओतल्याबरोबर, एक मिनिटही न थांबता, वरून गार पाणी सोडा आणि बोटं फिरवत नूडल्स वरखाली करा. खालून येणारं पाणी आधी दुधाळ दिसेल. ते बऱ्यापैकी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. एका पाकिटाला एक-दोन लिटर पाणी पुरतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टाकीतलं पाणीच कोमट येतं, तेव्हा माठातलं पाणी वापरा. नूडल्स आतपर्यंत गार लागल्या की झालं.

वर्गात हे दाखवायचं असेल तर आयोडीनची परीक्षा फार छान होते. घरून उकडल्याचं, पहिल्या धुण्याचं आणि तिसऱ्या धुण्याचं पाणी तीन बाटल्यांत आणा. प्रत्येकाचे चार चमचे वेगळ्या ग्लासात घेऊन टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. उकडल्याचं पाणी गडद निळं-काळं होतं, पहिल्या धुण्याचं निळं आणि तिसऱ्याचं फिकट. धुण्याने नेमकं काय गेलं ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. प्रयोगाचं पाणी लगेच ओतून द्या आणि ते ग्लास खाण्यापिण्याला वापरू नका.

धुणं ही मात्र परतायच्या नूडल्ससाठीची रीत आहे. इटालियन पास्ता करताना तो सहसा धूत नाहीत, कारण तिथे सॉस पास्त्याला धरून राहावा असंच वाटतं आणि थोडी खळ त्याला मदत करते.

पायरी ३ : आधी निथळणं, मग तेल

धुतलेल्या नूडल्स लगेच तेलात कालवल्या तर तेल त्यांना लागत नाही. अंगावर पाण्याचा थर असतो आणि तेल त्यावरून घसरतं. म्हणून चाळणी तिरपी ठेवून दहा मिनिटं निथळू द्या. मग परातीत स्वच्छ सुती कापड पसरून त्यावर आणखी दहा मिनिटं मोकळ्या करा. हात लावल्यावर नूडल्स दमट लागाव्यात, पण तळव्यावर पाणी येऊ नये.

आता एका पाकिटाला एक चहाचा चमचा तेल. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, जे घरात असेल ते. चमच्याने कालवू नका. तेल दोन्ही तळव्यांना लावा आणि हाताने नूडल्स खालून वर उचलत सोडा, जशा आपण चिवड्यासाठी पोह्यांना मसाला लावतो. प्रत्येक धाग्यावर तेलाचा पातळ थर बसला की शेजारच्या धाग्याची खळ त्याच्यापर्यंत पोचत नाही. नूडल्स मंद चमकल्या पाहिजेत. परातीत तेल जमा झालं तर ते जास्त झालं. जास्तीच्या तेलाने आणखी मोकळ्या होत नाहीत. उलट नंतर सॉस धाग्यावर टिकत नाही, तळाशी उतरतो.

तेल लावलेल्या नूडल्स पसरूनच ठेवा, वर पातळ कापड टाका. दोनेक तासांत वापरायच्या नसतील तर गार झाल्यावर डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात ओटीवर तासन्‌तास ठेवलेल्या नूडल्स मुलांना देऊ नका.

पायरी ४ : कढईचा ताव

इथपर्यंत सगळं नीट करूनही कढईत पुन्हा गोळा होऊ शकतो. गाडीवरचा माणूस लीलया करतो ते आपल्याला घरी का जमत नाही? कारण त्याच्या शेगडीची आच आपल्या गॅसपेक्षा कितीतरी मोठी असते.

नूडल्सच्या पोटात पाणी असतं. कढईत पडल्या की त्याची वाफ होते. कढई खूप तापलेली असेल तर वाफ लगेच उडून जाते आणि धाग्याचा पृष्ठभाग कोरडा राहतो. आच कमी असेल किंवा कढई काठोकाठ भरली असेल तर वाफ आतच कोंडते आणि पुन्हा ओलावा होतो. पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फार पुढे जात नाही. म्हणजे आपण परतत नसतो, वाफवत असतो. उरलीसुरली खळ ओली होते आणि उलथण्याने ढवळलं की धागे तुटून लगदा होतो.

आपली शेगडी मोठी करता येत नाही, पण घाणा लहान करता येतो. हीच घरगुती युक्ती. एक पाकीट उकडल्यावर साधारण अडीच पट, म्हणजे पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. घरच्या गॅसवर ते दोन वेळा करून परता.

लोखंडी कढई रिकामीच मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा. पाण्याचा एक थेंब टाका. तो पसरून चर्र करून आटला तर अजून थांबा. मोत्यासारखा गोल होऊन पळाला तर कढई तयार आहे. मग दोन चमचे तेल घालून कढई फिरवा. तेलातून किंचित धूर दिसू लागला की आधी भाज्या परता, एक-दीड मिनिट. त्या बाहेर काढा. कोबीला पाणी सुटतं, म्हणून मीठ आत्ता घालू नका. (नॉनस्टिक भांडं मात्र असं रिकामं तापवू नये. त्यात मध्यम आच आणि आणखी लहान घाणा एवढंच करता येतं.)

कढई पुन्हा तापू द्या, चमचाभर तेल घाला आणि अर्ध्या नूडल्स पसरून टाका. वीस सेकंद हात लावू नका. खालची बाजू थोडी सुकली की ती कढई सोडते. मग दोन उलथणी किंवा चिमटा घेऊन उचला आणि सोडा. गोल ढवळायचं नाही. दीड मिनिटात भाज्या परत टाका. पाकिटामागे दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, मीठ आणि मिरपूड आधीच वाटीत कालवून ठेवा. त्यातलं निम्मं मिश्रण नूडल्सवर न ओतता कढईच्या कडेने सोडा. तापलेल्या लोखंडावर त्याचं पाणी लगेच उडतं आणि खमंग वास येतो. वरून ओतलं तर एकाच जागच्या नूडल्स भिजतात आणि तिथे गाठ होते. अर्ध्या मिनिटात गॅस बंद.

मुलांना मी एक खूण सांगतो : कान द्या. 'चर्र' आवाज सतत येत असेल तर ताव बरोबर आहे. आवाज 'रटरट' झाला म्हणजे पाणी साठलं. तेव्हा ढवळत बसू नका, निम्म्या नूडल्स बाहेर काढा आणि कढईला तापू द्या.

पुढच्या वर्षी काय झालं?

पुन्हा दहा पाकिटं, पुन्हा ६०० रुपये. मी एका वेळी दोनच पाकिटं, तीन लिटर पाण्यात, अशा पाच खेपा केल्या. दर दोन खेपांनी पाणी बदललं, कारण तेही पेजेसारखं दाट होत जातं. सव्वासातला सुरू करून साडेआठला आवरलं. तेल लावून दोन परातींत पसरून शाळेत नेल्या. साडेदहाला मावशींनी भाड्याच्या मोठ्या शेगडीवर एकेक पाकीट परतायला घेतलं. मुलं प्लेट भरत होती आणि पैसे मोजत होती. पाकिटामागे तीन छोट्या प्लेट, एकूण ३० प्लेट, ९०० रुपये. नफा ३००. आधीच्या वर्षीची मुलं आता पाचवीत होती. त्यातली 'केक'वाली मुलगी प्लेट घेऊन आली, काट्याने एक धागा वर उचलला आणि तो सुटा निघालेला बघून म्हणाली, "सर, आता खळ नाही झाली."

चिकटल्याच तर?

नूडल्स ठरल्या वेळी उकडलेल्या असतील आणि फक्त गार होऊन एकमेकांना धरल्या असतील तर चाळणीत ठेवून वरून उकळतं पाणी ओता, वीस-तीस सेकंद काट्याने सोडवा, लगेच गार पाणी घाला, निथळा आणि तेल लावा. फ्रिजमधल्या कडक नूडल्सनाही हाच उपाय. पण जास्त शिजून मऊ झालेल्या असतील तर मोकळं करायच्या नादात त्या तुटतात. त्या परतण्यापेक्षा सूपमध्ये घालाव्यात, तिथे तुकडे चालतात.

आणि मसाल्याच्या पुडीसह येणाऱ्या झटपट नूडल्स वेगळ्या. त्या आधीच वाफवलेल्या आणि बहुधा तळलेल्या असतात. त्यांना वरच्या वेळा लावू नका.

मुलांसाठी छोटा प्रयोग

एका पाकिटाच्या नूडल्स मोठ्यांनी उकडायच्या आणि तीन सारख्या वाट्यांत घालायच्या. वाटी 'अ' न धुतलेली, 'ब' धुतलेली पण तेल न लावलेली, 'क' धुऊन, निथळून, तेल लावलेली. वीस मिनिटांनी प्रत्येक वाटीत काटा खुपसून सरळ वर उचलायचा आणि किती नूडल्स एकत्र वर आल्या ते वहीत लिहायचं. मग विचारा :

१. 'अ' वाटीतला गोळा आणि आपली मैद्याची खळ यांत काय सारखं आहे?
२. 'ब' आणि 'क' मध्ये फरक कशामुळे पडला?
३. आईने भात वेळला तर पेजेबरोबर काय गेलं? ते ओळखायला कोणता थेंब टाकाल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलं घरी जाऊन स्वतः शोधतात. आमच्या वर्गातल्या चौघांनी दुसऱ्या दिवशी बाटलीत पेज आणली होती.